सोकोबानमध्ये ‘अनडू’ दाबल्यावर खोका मागे कसा येतो?

‘सोकोबान’ हा जपानी कोडं-गेम 1982 साली बाजारात आला. गोदामातले खोके ढकलत ठरलेल्या जागी न्यायचे, एवढंच काम. पण खोका ओढता येत नाही. तो चुकून कोपऱ्यात गेला की अनडूशिवाय सुटका नाही.

त्यासाठी दर चालीला सगळा पट साठवायची गरज नसते. फक्त दिशेचं अक्षर नोंदवलं जातं: u, d, l किंवा r. खोका ढकलला असेल तर तेच अक्षर कॅपिटल.

हे कॅपिटल महत्त्वाचं. समजा, डावीकडून तिसऱ्या घरात खेळाडू आहे आणि चौथ्यात खोका. शेवटची नोंद r असेल, तर खेळाडू नुसता चालत आला होता. अनडू केल्यावर तो दुसऱ्या घरात जातो, खोका जागेवरच राहतो. नोंद R असेल, तर खोकाही तिसऱ्या घरात परत येतो.

रिप्लेसाठी हीच अक्षरं पहिल्यापासून चालवतात. इथे नशिबाचा भाग नाही, म्हणून शेवट दर वेळी तोच येतो. (फासे असलेल्या गेममध्ये पडलेली दानंही नोंदवावी लागतील.) मात्र लेव्हलमधली एक भिंत जरी नंतर सरकवली, तरी जुना रिप्ले भरकटू शकतो. नोंदीत R आहे आणि समोर खोकाच नाही, तर गडबड त्याआधीच कुठेतरी झालेली असते.