स्पर्शिकेपासून दोन बिंदूंपर्यंत : प्रक्रियेच्या तीन अंकांचा शोध

१९४२ साली अमेरिकन यांत्रिक अभियंता संघाच्या नियतकालिकात झिग्लर व निकल्स यांचा स्वयंचलित नियंत्रकांच्या मांडणीवरील निबंध प्रसिद्ध झाला. दोघेही रॉचेस्टर येथील टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनीतील अभियंते होते. त्यांनी सुचविलेली एक कसोटी साधी होती. प्रक्रिया स्थिर असताना नियंत्रक बाजूस सारून झडप हाताने एकदम थोडी उघडावी, आणि तापमान वा दाब कसा बदलतो त्याचा वक्र कागदावर उमटू द्यावा. हा वक्र जेथे सर्वांत वेगाने चढतो तेथे स्पर्शिका काढली की ती आरंभीच्या पातळीस ज्या क्षणी छेदते, तेथवरचा काळ म्हणजे विलंब L. स्पर्शिकेचा चढ, झडपेच्या दर एकक बदलामागे मोजला असता, R होय. केवळ प्रमाणबद्ध नियंत्रकाचा वर्धनांक १/(RL) ठेवावा, असा त्यांचा नियम होता.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. या नियमास दोनच अंक पुरतात; वक्र अखेरीस कोठे स्थिरावतो हे पाहण्याची गरजच नाही. तिसरा अंक आवश्यक झाला तो १९५३ मध्ये, कोहेन व कून यांच्या निबंधामुळे. त्यांनी प्रक्रियेचे एक निश्चित प्रतिरूप गृहीत धरले :

G(s) = K e^(−Ls) / (Ts + 1)

यात K हा वर्धनांक, T हा कालस्थिरांक आणि L हा विलंब. K काढणे सोपे आहे. मोजलेल्या राशीतील अंतिम बदलास झडपेच्या बदलाने भागले की झाले. T साठी मात्र जुनीच स्पर्शिका पुढे चालविण्यात आली. ती आरंभीच्या पातळीपासून अंतिम पातळीपर्यंत जाण्यास जेवढा काळ घेते, तो T मानला गेला. जी रेषा दोन अंकांसाठी काढली होती तिच्यावर तिसऱ्याचा भार पडला, आणि दोष शिरला तो येथेच.

एका उदाहरणाने तो स्पष्ट होईल. पाणी तीन समान, नीट ढवळलेल्या टाक्यांतून क्रमाने वाहते. प्रत्येकीचा कालस्थिरांक १ मिनिट आहे आणि वाफ पहिल्या टाकीस दिली आहे. झडप १० टक्क्यांनी उघडली असता शेवटच्या टाकीचे तापमान ६० वरून ८० अंश सेल्सिअसवर स्थिरावते. म्हणजे K हा टक्क्यास २ अंश. वक्र २ मिनिटांपाशी, ६६.५ अंशांवर, सर्वांत तीव्र आहे. चढ मिनिटास ५.४१ अंश. तेथील स्पर्शिका ०.८१ मिनिटास ६० ची पातळी व ४.५० मिनिटास ८० ची पातळी छेदते. म्हणून L = ०.८१ आणि T = ३.६९ मिनिटे. आता हे प्रतिरूप वक्रावर ठेवून पाहावे. ४.५ मिनिटांस ते ७२.६ अंश सांगते, तर तापमान प्रत्यक्षात ७६.५ अंशांवर पोचलेले असते.

सेसिल स्मिथ यांच्या १९७२ च्या ग्रंथात दोन बिंदूंची रीत आढळते. या प्रतिरूपात L + T/3 या क्षणी बदलाचा २८.३ टक्के व L + T या क्षणी ६३.२ टक्के भाग पूर्ण होतो. दोन क्षणांतील अंतराची दीडपट म्हणजे T. प्रस्तुत वक्रावर हे क्षण, अर्थात ६५.६६ व ७२.६४ अंश, १.८५ व ३.२६ मिनिटांस येतात. त्यावरून T = २.११ व L = १.१५ मिनिटे. या प्रतिरूपाचे ४.५ मिनिटांचे तापमान ७५.९ अंश, म्हणजे सत्याच्या पुष्कळ जवळ. शिवाय तीव्रतम चढ डोळ्याने ठरवावा लागत नाही. मापनातील बारीक थरथरीने तोच प्रथम बिघडतो.

तथापि या रीतीचा आधार अंतिम पातळी हा आहे. वरील वक्र ४.५ मिनिटांसच पूर्ण झाला असे समजल्यास K हा २ ऐवजी १.६५ येईल, आणि दोन्ही टक्केवाऱ्याही चुकीच्या उंचीवर वाचल्या जातील. म्हणून झडप पूर्ववत करून परतीचा वक्रही घ्यावा. दोन्ही वर्धनांक जुळले नाहीत, तर झडप अडकते आहे, बाहेरचा काही बदल मध्ये आला आहे किंवा प्रक्रियाच दोन दिशांना सारखी वागत नाही, असे समजावे.

१९७८ मध्ये सुंदरेशन व कृष्णस्वामी यांनी ३५.३ व ८५.३ टक्के हे बिंदू सुचविले. त्यांच्या सूत्रांनी याच वक्रावरून T सुमारे १.७७ व L सुमारे १.३६ मिनिटे मिळतात. एकाच वक्रातून विलंबाचे तीन अंक निघाले. पण या टाक्यांत खरा विलंब मुळीच नाही, पहिल्या क्षणापासून तापमान अत्यल्प का होईना चढतच असते. L आणि T हे प्रक्रियेचे गुणधर्म नसून, तीन टाक्यांचे वर्तन एका टाकीत बसविण्यासाठी केलेली तडजोड आहेत. म्हणून नियंत्रकाचे कोणतेही सूत्र वापरताना, ते स्पर्शिकेच्या अंकांवर रचलेले आहे की दोन बिंदूंच्या, हे प्रथम पाहणे अवश्य ठरते.