‘देऊनये’: एका मोडी पत्राचे भाषांतर आणि दोन घरांचा वाद

सावकारासपैसेदेऊनयेमुळपाठविलेआहे.

आमच्या कुटुंबातल्या एका मोडी पत्राची ही सहावी ओळ. देवनागरीत आणली तरी मूळ कागदावर जशी आहे तशीच, म्हणजे शब्द न तोडता लिहिली आहे. पत्र साताऱ्याहून सांगलीला गेले. लिहिणारा थोरला भाऊ, घेणारा धाकटा. त्या दोघांच्या वंशाची आज दोन घरे आहेत, एक साताऱ्यात आणि एक सांगलीत, आणि या ओळीवरून त्यांच्यात जुनी कुरबूर आहे.

सांगलीकर वाचतात: “सावकारास पैसे देऊन ये. मूळ पाठविले आहे.” म्हणजे थोरल्याच्या सांगण्यावरून धाकट्याने कर्ज फेडले, मूळ खतही हलले, पण फेडलेल्या रकमेतला साताऱ्याचा वाटा सांगलीला कधीच मिळाला नाही. सातारकर वाचतात: “सावकारास पैसे देऊ नये.” म्हणजे आमच्या पूर्वजाने स्पष्ट मना केले होते, तरी दिले असतील तर ते ज्याचे त्याने. अक्षरे दोघांचीही तीच आहेत. ‘ध’चा ‘मा’ करण्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते, पण तिथे निदान एक अक्षर बदलावे लागले. इथे एका मोकळ्या जागेने काम भागते, आणि ती जागा मोडीत नसतेच.

ती का नसते, हे समजून घेतले की पुढचे सोपे जाते. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली अक्षरे टांगत जातो. देवनागरीत शिरोरेघ शब्दापाशी तुटते, म्हणून शब्द डोळ्यांना वेगळा दिसतो. मोडीत ती तुटतच नाही. बोरू शक्यतो न उचलता लिहायचे असल्याने अक्षरे एकमेकांत वळत जातात. विरामचिन्हे नसतात. ह्रस्व-दीर्घ पाळले जात नाही, त्यामुळे ‘मुळ’ आणि ‘मूळ’ यांत कागदावर काही फरक नसतो. ज्याला लिहिले त्याला संदर्भ ठाऊक असे, म्हणून त्याचे अडत नसे. अडते ते पावणेदोनशे वर्षांनंतर वाचणाऱ्याचे.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. मोडी शिकलो ती हौसेने, वर्गाला जाऊन. कुटुंबासाठी या पत्राचे आजच्या मराठीत भाषांतर करायचे ठरले तेव्हा मी काम तीन थरांत वेगळे ठेवले. पहिल्या थरात ६०० डीपीआयच्या स्कॅनवरून अक्षराला अक्षर देवनागरी, शब्द न तोडता. दुसऱ्या थरात शब्द तोडणे. तिसऱ्या थरात आजची मराठी. वाद कुठल्या थरात आहे ते यामुळे लगेच कळते. सहाव्या ओळीचा वाद पूर्णपणे दुसऱ्या थरातला आहे. छापील पुस्तकांतून ऐतिहासिक पत्रे वाचणाऱ्याला हा थर दिसत नाही. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातली हजारो पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापून मोठे काम केले, पण छापताना शब्द तोडणे भागच असते. तोडलेला प्रत्येक शब्द हा संपादकाचा एक निर्णय असतो, आणि वाचक तो मूळ पत्र म्हणून वाचतो.

आधी काळ पक्का करू. पत्रावर ‘शके १७७’ एवढे आकडे शाबूत आहेत, शेवटचा आकडा कसरीने खाल्ला आहे. म्हणजे १७७० ते १७७९ यांपैकी कोणतेही वर्ष. पण आकड्यांच्या पुढे संवत्सराचे नाव आहे, कीलक. संवत्सरे साठ आणि ती क्रमाने फिरत राहतात. आपल्याकडच्या पद्धतीत शकाच्या आकड्यात १२ मिळवून ६० ने भागले की जी बाकी उरते तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला धरून. १७७० अधिक १२ म्हणजे १७८२, बाकी ४२, आणि बेचाळिसावा संवत्सर कीलक. त्या दहा वर्षांत दुसरा कीलक येऊच शकत नाही. जुन्या लोकांनी एकच वर्ष दोन तऱ्हांनी लिहिले आणि त्यातल्या एकाने दुसऱ्याची दुरुस्ती केली. तिथी आश्विन शुद्ध तृतीया, म्हणजे १८४८ सालच्या पावसाळ्याची अखेर आणि दिवाळी तीन-साडेतीन आठवड्यांवर.

हे साल साताऱ्याच्या इतिहासात ठळक आहे. ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेले दत्तक डलहौसीने मान्य केले नाही आणि राज्य खालसा झाले. सांगली मात्र पटवर्धनांचे संस्थान म्हणून राहिली. सातारच्या घरातल्या एका काकांचे म्हणणे असे की राज्य जाणार हे दिसत होते, म्हणूनच थोरल्याने ‘पैसे देऊ नये’ लिहिले. गोष्ट जुळते, पण पत्रात राज्याबद्दल एक अक्षर नाही. साल जुळले म्हणून कारण जुळत नाही, त्यामुळे भाषांतरात मी हा मुद्दा घेतला नाही.

आता ‘देऊनये’कडे. पहिला पुरावा मी शाईत शोधला. बोरू दौतीत बुडवला की पुढची काही अक्षरे गडद उमटतात आणि हळूहळू फिकी होत जातात. इथे ‘न’ गडद आहे, म्हणजे ‘देऊ’ लिहून झाल्यावर बोरू बुडवला. सातारकरांना हे फार आवडले. पण लिहिणारा नेहमी शब्द संपल्यावरच बोरू बुडवत असेल तरच याला अर्थ आहे. म्हणून साऱ्या पत्रातल्या अशा जागा मोजल्या. स्पष्ट दिसणाऱ्या बावीस निघाल्या, आणि त्यांपैकी नऊ निर्विवाद एकाच शब्दाच्या मध्ये. हा माणूस शाई संपली की बुडवायचा, शब्दाची वाट पाहत नव्हता. हा पुरावा बाद.

दुसरा पुरावा व्याकरणाचा, आणि माझ्या मते निर्णायक. जुन्या पत्रव्यवहारात कोण कोणाला लिहितो यावर क्रियापदाचे रूप ठरते. वडीलधाऱ्यांना आणि बरोबरीच्यांना ‘करावे’, ‘पाठवावे’. धाकट्याला किंवा हाताखालच्याला ‘करणे’, ‘पाठविणे’. हे पत्र ‘चिरंजीव’ म्हणून आशीर्वादाने सुरू होते आणि पुढे ‘लिहीत जाणे’, ‘सांभाळणे’, ‘कळविणे’, ‘रवानगी करणे’ अशी सात आज्ञार्थी रूपे येतात. सातही ‘-णे’ची. पैसे देऊन साताऱ्यास निघून ये असे सांगायचे असते, तर या हाताने ‘देऊन येणे’ लिहिले असते. ‘ये’ हे तोंडी बोलण्याचे रूप, पत्रात ते आणखी कुठेही नाही. उलट ‘नये’ला मान-अपमानाचा प्रश्नच नाही. ‘देऊ नये’ हे थोरल्याला, धाकट्याला, कोणालाही तसेच लिहिले जाते. सांगलीच्या घरातल्या एका आत्याने हरकत घेतली की भाऊच तो, एकदा लिहिले असेल बोलल्यासारखे. अशक्य नाही. पण सातांत सात वेळा एक रूप वापरणारा माणूस आठव्यांदा नेमका इथेच चळला, असे म्हणायला दुसरे काही कारण हवे, आणि ते पत्रात नाही.

इथवर सातारकर जिंकले असे वाटेल. पण ‘मूळ’ राहिले. सांगलीकर त्याचा अर्थ मूळ खत असा घेतात. सातारकरही तोच घेतात, फक्त खत कोणी दडवले यावर भांडतात. पुढची ओळ घडीवर फाटली आहे आणि तिथे फक्त ‘...ची रवानगी करणे’ एवढे उरले आहे. ‘रवानगी’ स्त्रीलिंगी असल्याने ‘ची’वरून आधीचा शब्द कळत नाही. खताची रवानगी, असे दोन्ही घरांनी भरून घेतले.

पण दस्तऐवजाच्या मूळ प्रतीला तेव्हाचा रुळलेला शब्द ‘अस्सल’, आणि तिच्यावरून उतरवलेली ती ‘नक्कल’. याच पत्रात तिसऱ्या ओळीत एका दुसऱ्या कागदाला ‘अस्सल’ म्हटले आहे. मग तोच माणूस तीन ओळींनंतर ‘मूळ’ कशाला म्हणेल? ‘मूळ’ला आणखी एक अर्थ होता, जो आता जवळजवळ गेला. सासरी किंवा माहेरी असलेल्या बाईला आणायला जे माणूस धाडतात ते मूळ. ‘मूळ धाडणे’, ‘मूळ येणे’ असे म्हणत. ‘मुराळी’ हा शब्द त्याच घरातला, आणि तो अजून जुन्या बायकांच्या तोंडी सापडतो. फाटलेल्या जागेनंतर लगेच ओळ आहे: ‘गाडीचे भाडे येथे देऊ’. कागद न्यायला माणूस पुरतो, सातारा-सांगलीच्या चार-पाच मुक्कामांच्या वाटेवर गाडी लागते ती माणसाला. दिवाळी तोंडावर होती. मूळ पाठवले होते ते कोणा बाईला आणायला.

ती कोण? घडीवर गेलेल्या जागेत सात-आठ अक्षरे मावतात. थोरल्याची बायको सांगलीस राहिली होती, की धाकट्याची मुलगी साताऱ्यास येणार होती, हे उरलेल्या मजकुरावरून ठरत नाही. म्हणून भाषांतरात ती ओळ अशी दिली आहे: “सावकाराला पैसे देऊ नयेत. आणायला माणूस पाठवले आहे. [सुमारे आठ अक्षरे फाटली, बाईचे नाव किंवा नाते] हिची रवानगी करावी. गाडीचे भाडे इथे देऊ.” खाली टीप घालून ‘देऊन ये’ हे वाचन आणि ते का नाकारले हे लिहिले आहे, म्हणजे ज्याला पटत नाही त्याने स्कॅन समोर ठेवून स्वतः ताडून पाहावे.

दोन्ही घरांना हे भाषांतर अर्धेच पटले. पत्रावरून एवढेच कळते की पैसे देऊ नये असे सांगितले गेले. ते दिले गेले की नाही, हे पत्राला ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण ते पुढे घडायचे होते. खताचा तर या ओळीत उल्लेखच नाही, तेव्हा ते कोणी दडवले याचा पुरावाही हे पत्र देत नाही. भांडायचे असेल तर आता दुसरा कागद शोधावा लागेल. सांगलीच्या घरात जुन्या कागदांचे आणखी एक गाठोडे आहे, त्यातली पहिली अकरा पाने मी स्कॅन केली आहेत. आत्यांनी मात्र सावकाराचे नाव सापडले का हे अजून विचारलेले नाही. त्या विचारतात की दिवाळीला साताऱ्याला कोण गेले होते.