चाकण परिसराच्या जुन्या नकाशाबद्दल तळटीप

* नकाशाच्या कोपऱ्यातला ‘एक इंचास एक मैल’ हा मजकूर मूळ कागदापुरता खरा. स्कॅन करून पानात बसवताना नकाशा लहान झाला आहे. म्हणून प्रमाण नव्याने काढले. चिंचवडचे मोरया गोसावी मंदिर आणि चाकणचा संग्रामदुर्ग यांतले सरळ रेषेतले अंतर सुमारे 17 किमी आहे (रस्त्याचे अंतर इथे चालत नाही). पानावर ते 8.5 सेंमी भरते. 17,00,000 सेंमी भागिले 8.5, म्हणजे 1:2,00,000. पट्टी एक मिलिमीटर चुकली, तर जमिनीवर 200 मीटरचा फरक. पूर्व-पश्चिम अंतरावरून प्रमाण वेगळे आले, तर कागद एकाच दिशेने आकसला असावा.