पेज रीलोड झालं आणि लिहिलेला मोठा मेसेज गेला? आधी हे करून पाहा

मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. हॉस्टेलचं डिपॉझिट परत मिळत नव्हतं, म्हणून ती त्यांच्या वेबसाइटवर तक्रार लिहीत होती. पाऊण तास टाइप केल्यावर पावती क्रमांक बघायला ती ईमेल ॲपमध्ये गेली. परत आली तर पेज पुन्हा लोड झालेलं आणि बॉक्स रिकामा. "दादा, सगळं गेलं रे!" आणि तक्रारीची मुदत त्याच रात्री संपत होती.

मी तिला आधी एवढंच सांगितलं, की काही टाइप करू नकोस आणि टॅब बंद करू नकोस.

हे का होतं? फोनची रॅम कमी पडली की अँड्रॉइड मागे पडलेल्या ॲप्सची मेमरी काढून घेतं. तुम्ही ईमेलमध्ये असताना क्रोमचा टॅब असाच उडतो आणि परत आल्यावर पेज नव्याने उघडतं. साध्या फॉर्ममधला मजकूर क्रोम अशा वेळी बरेचदा परत भरतो. पण पेज उघडल्यावर जावास्क्रिप्टने तयार होणारा बॉक्स असेल, किंवा साइटने `autocomplete="off"` लावलं असेल, तर तो भरला जाईलच असं नाही. बहिणीच्या बाबतीत नेमकं तेच झालं असावं.

चुकून एखाद्या लिंकवर बोट पडून पेज बदललं असेल, तर मात्र बॅक दाबा. ब्राउझर मागचं पेज थोडा वेळ जसंच्या तसं जपून ठेवतो, त्यामुळे मजकूर बऱ्याचदा जागेवर सापडतो. सबमिट केल्यावर लॉगिनचं पेज आलं, म्हणजे सेशन संपलं, तरी आधी बॅकच करून बघा. सबमिटनंतर एरर आली आणि रीलोड करताना क्रोमने `Confirm Form Resubmission` विचारलं, तर तुम्ही पाठवलेला मजकूर अजून ब्राउझरकडे आहे असं समजा. पुढे जा म्हटलं की तोच पुन्हा पाठवला जातो. पेमेंटच्या पेजवर मात्र हे अजिबात करू नका, पैसे दोनदा जाऊ शकतात.

बहिणीकडे बॅक करून काही मिळालं नाही. मग मी विचारलं, "लिहिताना कुठला परिच्छेद कट करून दुसरीकडे टाकला होतास का?" टाकला होता. जीबोर्डमध्ये क्लिपबोर्ड आधीपासून चालू असेल, तर कॉपी किंवा कट केलेला मजकूर तिथे एक तास राहतो. कीबोर्डच्या वरच्या पट्टीतलं क्लिपबोर्डचं चिन्ह दाबलं आणि तारखा-रकमांचा सगळा परिच्छेद मिळाला. तो तिने लगेच दाबून धरून पिन केला, म्हणजे तासानंतरही जाणार नाही. नुसतं टाइप केलेलं मात्र क्लिपबोर्डमध्ये येत नाही, त्यामुळे उरलेलं पुन्हा लिहावंच लागलं. मी म्हटलं, वाक्यं जुळवत बसू नकोस, आठवतील ते मुद्दे आधी उतरव. दहा मिनिटांत बरंच जमलं.

या वेळी तिने ते गूगल कीपमध्ये लिहिलं. तिथे सेव्हचं बटण नाही, टाइप करता करताच नोट सेव्ह होते, नेट नसलं तरी. आयफोनच्या नोट्स ॲपमध्येही हेच. पावती क्रमांक, तारखा वगैरे आधीच नोटच्या वर लिहून ठेवले, म्हणजे अधेमधे ॲप बदलायला नको. (ती म्हणाली, "हे आधी सांगायला काय झालं होतं?")

पण पेस्ट करताना एक गोष्ट सांभाळा, मराठीत ती हमखास नडते. बॉक्सला 1000 अक्षरांची मर्यादा असेल आणि तुमचा मजकूर त्याहून मोठा असेल, तर बरेच फॉर्म उरलेला भाग काही न सांगता कापतात. आणि मोजणी आपल्या हिशेबाने होत नाही. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. लॅपटॉपवर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये हे टाकून बघा:

```
"विद्यार्थी".length
```

उत्तर 10 येतं. डोळ्यांना तीनच अक्षरं दिसतात! म्हणून पेस्ट केल्यावर बॉक्समध्ये खाली जाऊन शेवटचं वाक्य नोटमधल्या शेवटच्या वाक्याशी जुळतंय का ते बघा. बहिणीचं जुळलं नाही, शेवटची विनंतीच कापली गेली होती, म्हणजे पैसे कोणत्या खात्यात हवेत तीच ओळ. तिने मधला राग व्यक्त करणारा परिच्छेद काढला, मग बसलं.

रात्री साडेअकराला तक्रार क्रमांक आला. तो तिने त्याच नोटमध्ये खाली चिकटवलाय आणि डिपॉझिट मिळेपर्यंत ती नोट डिलीट करायची नाही असं ठरलंय.