परिघीय रक्तलेप

परिघीय रक्तलेप म्हणजे शिरेतून किंवा बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताचा काचपट्टीवर पसरून वाळवलेला पातळ थर होय. तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो व त्यावरून रक्तपेशींचा आकार, रंग, संख्या आणि त्यांतील परजीवी यांविषयी निष्कर्ष काढले जातात. प्रयोगशाळांत त्यास ‘पेरिफेरल स्मिअर’ किंवा नुसते ‘पी. एस.’ म्हणतात. लातूर व नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत, तसेच राज्यातील इतरत्रही, विकृतिशास्त्राचा विद्यार्थी हे तंत्र आरंभीच शिकतो. स्वयंचलित पेशीगणक यंत्रे आता तालुक्याच्या गावीही पोहोचली असली, तरी यंत्राने दिलेला संशयास्पद आकडा पडताळण्यासाठी लेपाकडेच वळावे लागते.

लेप पसरण्याची रीत

काचपट्टी स्वच्छ, कोरडी व तेलकटपणापासून मुक्त असावी लागते. बोटाचा नुसता ठसा उमटला असला तरी त्या जागी रक्त धरत नाही व लेपात भोक पडते. पट्टीच्या एका टोकापासून सुमारे १ सेंटीमीटर अंतरावर २ ते ३ मिलिमीटर व्यासाचा रक्ताचा थेंब ठेवतात. रक्त ईडीटीए या गोठणरोधकात घेतलेले असल्यास लेप दोन तासांच्या आत करणे इष्ट असते; उशीर झाल्यास तांबड्या पेशींच्या कडा दातेरी होतात आणि पांढऱ्या पेशींत पोकळ्या दिसू लागतात.

पसरणारी पट्टी, म्हणजे स्प्रेडर, गुळगुळीत कडेची आणि मूळ पट्टीपेक्षा किंचित अरुंद असावी. त्यासाठी साध्या काचपट्टीचा एक कोपरा तोडून घेण्याची पद्धत रूढ आहे. अशा पट्टीमुळे लेपाच्या दोन्ही बाजूंस मोकळी काच राहते व बाजूच्या कडाही तपासता येतात. स्प्रेडर थेंबापुढे टेकवून थेंबाकडे कललेला धरतात, मागे सरकवून थेंबास स्पर्श करतात आणि रक्त त्याच्या कडेने पसरले की न थांबता, एकसारख्या गतीने पुढे नेतात. या रीतीत रक्त स्प्रेडरच्या मागून ओढले जाते, पुढे ढकलले जात नाही. त्यामुळे पेशी चिरडत नाहीत. दाब देण्याची गरज नसते. दाब दिल्यास पांढऱ्या पेशी मोठ्या प्रमाणात शेपटीकडे वाहून जातात.

स्प्रेडरचा कोन

नेहमीच्या रक्तासाठी सुमारे ३० अंशांचा कोन वापरतात. कोन वाढवला की लेप आखूड व जाड होतो, कमी केला की लांब व पातळ होतो. याचे कारण दोन काचांमधील पाचरीत आहे. रक्त या पाचरीत साठून राहते व त्याच्या मोकळ्या बाजूस अंतर्वक्र पृष्ठ तयार होते. ही वक्रता जितकी तीव्र, तितका काचेवर मागे राहणारा थर पातळ असतो. तेवढेच रक्त अरुंद पाचरीत असेल तर वक्रता तीव्र होते. रुंद पाचरीत ती सौम्य राहते. स्प्रेडर पुढे जाताना साठा संपत जातो, वक्रता वाढत जाते आणि थर आपोआप निमुळता होतो. लेपास शेपटी येते ती यामुळे. वेगाचाही परिणाम होतो: जलद नेल्यास थर जाड, सावकाश नेल्यास पातळ. रक्त जितके दाट, तितकाही थर जाड.

म्हणून कोन रक्त पाहून ठरवावा लागतो. नवजात अर्भकाचे किंवा पेशींचे प्रमाण फार वाढलेले दाट रक्त असल्यास कोन २५ अंशांच्या आसपास आणतात. तीव्र पंडुरोगात, म्हणजे ॲनिमियात, उलट करावे लागते. उदाहरणार्थ, हिमोग्लोबिन ५ ग्रॅम प्रति डेसिलिटर आणि पेशींचे घनफळ जेमतेम १५ टक्के असलेले रक्त ३० अंशांनी पसरल्यास ते पट्टीच्या टोकापर्यंत धावते व शेपटी राहतच नाही. थर इतका विरळ होतो की पेशी काचेवर चपट्या पसरून त्यांचा मधला फिकट भाग नाहीसा होतो. लोहाच्या अभावाने फिकट झालेल्या पेशी मग भरीव दिसतात आणि अहवालात ‘गोल पेशी’ असा भलताच शेरा येऊ शकतो. अशा नमुन्यासाठी कोन ४० ते ४५ अंशांपर्यंत वाढवून स्प्रेडर थोडा जलद न्यावा. तरीही लेप लांबलाच तर थेंब लहान घ्यावा.

चांगल्या कडेची ओळख

चांगला लेप अंगठ्याच्या आकाराचा असतो. तो पट्टीच्या साधारण दोन-तृतीयांश लांबीपर्यंत जातो, काचेच्या टोकाला भिडत नाही आणि जाड भागाकडून पातळ भागाकडे हळूहळू उतरतो. शेवटची कड पिसाच्या टोकासारखी मऊ व विरळ असते. तिलाच ‘फेदर एज’ म्हणतात. न रंगवलेली पट्टी उजेडासमोर तिरपी धरली असता या कडेवर इंद्रधनुष्यासारखी रंगछटा दिसते. कड सरळ रेषेत तुटलेली असणे हे स्प्रेडर मध्येच उचलल्याचे लक्षण आहे. तिला लांब बोटांसारखे फाटे फुटले असल्यास स्प्रेडरची कड खडबडीत वा मळलेली असते. आडवे पट्टे हात अडखळल्याचे दर्शवतात.

तपासणी मात्र अगदी कडेवर करावयाची नसते. कडेच्या किंचित मागे, जेथे तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात व मधला फिकट भाग स्पष्ट दिसतो, ती जागा योग्य होय. जाड भागात पेशी एकमेकींवर चढतात. कडेवर त्या फरसबंदीसारख्या चपट्या होतात आणि ताणल्या जाऊन टोकदारही बनतात.

नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर या आदिवासी वस्तीच्या तालुक्यांतून आलेल्या नमुन्यांत याला विशेष महत्त्व आहे, कारण तेथे सिकलसेल आजाराची शंका वारंवार घेतली जाते. कडेवर ताणलेल्या पेशी कोयत्यासारख्या भासू शकतात. परंतु त्यांची टोके बहुधा एकाच दिशेने वळलेली असतात. खऱ्या कोयताकृती पेशी वाटेल त्या दिशेने पडलेल्या असतात व लेपाच्या इतर भागांतही सापडतात. नुसत्या लेपावर निदान संपत नाही. सिकलसेलच्या वाहकाच्या लेपात कोयताकृती पेशी बहुधा दिसतच नाहीत, त्यामुळे विद्राव्यता चाचणी आणि हिमोग्लोबिनचे पृथक्करण करावेच लागते.

तरीही कड पाहिल्यावाचून पट्टी बाजूला ठेवू नये. मोठ्या पांढऱ्या पेशी, हत्तीरोगाचे सूक्ष्मकृमी आणि प्लेटलेटचे पुंजके तेथे गोळा होतात. डेंग्यूच्या हंगामात यंत्राने प्लेटलेट ४० हजार दाखवल्या आणि कडेवर त्यांचे पुंजके आढळले, तर तो आकडा विश्वासार्ह नसतो. नमुना सोडियम सायट्रेटमध्ये पुन्हा घेऊन मोजतात व आलेल्या संख्येस १.१ ने गुणतात, कारण सायट्रेटच्या द्रवाने रक्त तेवढे विरळ झालेले असते.

वाळवणे व रंगवणे

लेप हवेत त्वरेने वाळला पाहिजे. पावसाळ्यातील दमट हवेत तो रेंगाळतो व तांबड्या पेशींत चकाकणारी वर्तुळे उमटतात. ही वर्तुळे मलेरियाचे परजीवी किंवा पेशीतील दोष समजली जाण्याचा धोका असतो. पट्टी पंख्याखाली हलवून वाळवणे हा साधा उपाय आहे. फुंकर मारू नये, कारण श्वासातील ओलावा लेपावर बसतो. भारतात लीशमन रंग अधिक वापरात आहे: मूळ रंग दोन मिनिटे ठेवून त्यात ६.८ सामूचे दुप्पट बफर पाणी मिसळतात आणि सात ते दहा मिनिटांनी धुतात. हा रंग मिथेनॉलमध्ये केलेला असल्याने लेप स्थिर करण्याची वेगळी पायरी लागत नाही. बाटली उघडी राहून मिथेनॉलने हवेतील पाणी शोषले असल्यास मात्र तीच चकाकणारी वर्तुळे नीट वाळलेल्या लेपावरही दिसू लागतात.