ड्रॉडाउन

ड्रॉडाउन म्हणजे गुंतवणुकीचे मूल्य त्याच्या आजवरच्या सर्वोच्च पातळीपासून, म्हणजे शिखरापासून, किती टक्के खाली आले आहे याचे माप होय. मराठीत यास 'शिखरापासूनची घसरण' असे म्हणता येईल. ही घसरण व ती भरून काढण्यासाठी लागणारी वाढ यांची टक्केवारी समान नसते. ५०% तोटा भरून येण्यासाठी ५०% नव्हे, तर १००% नफा व्हावा लागतो. या विषमतेमुळे शेअर बाजारातील व्यवहारांत प्रत्येक वेळी भांडवलाचा किती भाग धोक्यात घालावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

## व्याख्या

ड्रॉडाउन नेहमी मागील शिखरापासून मोजतात, मूळ गुंतवणुकीपासून नव्हे. १ लाख रुपयांचे २ लाख झाले आणि पुढे १ लाख ४० हजार उरले, तर गुंतवणूकदार मूळ रकमेच्या तुलनेत ४०% नफ्यात असतो. परंतु त्याचे ड्रॉडाउन ३०% असते. एखाद्या कालखंडातील सर्वांत खोल घसरणीस 'कमाल ड्रॉडाउन' म्हणतात. घसरणीच्या खोलीबरोबरच पूर्वीचे शिखर पुन्हा गाठण्यास लागलेला काळही मोजला जातो.

## घसरण व भरपाईचे गणित

१०० रुपयांवर ५०% तोटा झाला की ५० रुपये उरतात. गमावलेले ५० रुपये आता उरलेल्या ५० रुपयांवरच मिळवायचे असतात. रक्कम तीच असली, तरी टक्केवारी ज्या पायावर मोजायची तो पाया निम्मा झालेला असतो. म्हणून १००% वाढ आवश्यक ठरते. घसरणीचे प्रमाण 'घ' मानल्यास सूत्र पुढीलप्रमाणे होते :

आवश्यक वाढ = घ ÷ (१ − घ)

| घसरण | भरपाईसाठी आवश्यक वाढ |
|---|---|
| १०% | ११.१% |
| २०% | २५% |
| ३०% | ४२.९% |
| ५०% | १००% |
| ६०% | १५०% |
| ८०% | ४००% |
| ९०% | ९००% |

लहान घसरणीत दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतात, त्यामुळे ही विषमता सहसा लक्षात येत नाही. पुढे मात्र तफावत वेगाने वाढत जाते. १० टक्क्यांवरून घसरण २० टक्क्यांवर गेल्यास आवश्यक वाढ सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. ८० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेल्यास ती ५०० टक्क्यांनी वाढते.

नफा आधी झाला काय किंवा तोटा आधी झाला काय, अंतिम रकमेत फरक पडत नाही. १०० रुपये ५० टक्क्यांनी वाढून १५० झाले व नंतर ५० टक्क्यांनी घटले, तरी ७५ रुपयेच उरतात. वार्षिक परताव्यांची साधी सरासरी येथे शून्य येते; प्रत्यक्षात मात्र २५% भांडवल गेलेले असते.

## ऐतिहासिक उदाहरणे

मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स हा निर्देशांक ८ जानेवारी २००८ रोजी सुमारे २०,८७३ वर बंद झाला होता. जागतिक आर्थिक संकटात तो घसरत जाऊन ९ मार्च २००९ रोजी सुमारे ८,१६० वर बंद झाला. ही घसरण ६१ टक्क्यांच्या आसपास होती आणि ती भरून येण्यासाठी सुमारे १५६% वाढ आवश्यक होती. नोव्हेंबर २०१० मध्ये निर्देशांकाने ती पातळी पुन्हा गाठली.

अमेरिकेतील डाऊ जोन्स निर्देशांक ३ सप्टेंबर १९२९ रोजी ३८१.१७ वर होता. ८ जुलै १९३२ रोजी तो ४१.२२ पर्यंत उतरला. ८९% घसरणीनंतर सुमारे ८२५% वाढीची गरज निर्माण झाली व जुने शिखर ओलांडण्यास नोव्हेंबर १९५४ उजाडला. याच घसरणीत निर्देशांक ८०% उतरला असता, म्हणजे ७६ च्या सुमारास, 'आता आणखी काय पडणार' असे मानून खरेदी करणाऱ्याचेही तळ येईपर्यंत सुमारे ४६% नुकसान झाले असते.

निर्देशांकातून दुर्बल कंपन्या वगळल्या जातात व नव्या घेतल्या जातात. एकट्या कंपनीच्या शेअरला अशी सोय नसते. तिचा शेअर जुन्या शिखरावर कधीच न परतणेही शक्य असते.

## तोट्यांची मालिका

मोठी घसरण एकाच मोठ्या तोट्याने येते असे नाही. सलग अनेक लहान तोट्यांनीही ती येते. अशा मालिका अपेक्षेपेक्षा अधिक वेळा आढळतात. प्रत्येक व्यवहारात नफ्या-तोट्याची शक्यता निम्मी-निम्मी असून व्यवहार परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर १०० व्यवहारांत सलग ६ तोटे निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ५५% असते. सलग ७ तोट्यांची शक्यता सुमारे ३२% असते.

व्यवहारांची संख्या वाढली की मालिकाही लांबतात. १,००० व्यवहारांत सलग १० तोटे येण्याची शक्यता ३८ टक्क्यांच्या आसपास भरते. ज्या पद्धतीत केवळ ४०% व्यवहार यशस्वी होतात व नफा मोजक्या मोठ्या व्यवहारांतून येतो, तीत १०० व्यवहारांतच सलग १० तोटे येण्याची शक्यता सुमारे २०% असते. त्यामुळे तोट्यांची मालिका आली एवढ्यावरून पद्धत बिघडली असे सिद्ध होत नाही. मात्र मालिका संपेपर्यंत भांडवल टिकणे आवश्यक असते.

## जोखमीचे प्रमाण

प्रत्येक व्यवहारात उरलेल्या भांडवलाचा ठरावीक टक्का धोक्यात घालणे ही यावरील रूढ पद्धत आहे. सलग १० तोटे झाल्यास वेगवेगळ्या प्रमाणांचे परिणाम असे होतात :

| प्रत्येक व्यवहारातील जोखीम | १० तोट्यांनंतरची घसरण | आवश्यक वाढ |
|---|---|---|
| १% | ९.६% | १०.६% |
| २% | १८.३% | २२.४% |
| ५% | ४०.१% | ६७% |
| १०% | ६५.१% | १८७% |
| २०% | ८९.३% | ८३१% |

हाच हिशेब उलट दिशेनेही मांडता येतो. सलग १० तोट्यांनंतरही घसरण २० टक्क्यांच्या आत राहावी असे ठरवल्यास, प्रत्येक व्यवहारातील जोखीम सुमारे २.२ टक्क्यांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. म्हणजे सोसता येईल अशी घसरण आधी ठरते व व्यवहाराचा आकार तिच्यावरून निघतो.

### उदाहरण

एका व्यक्तीचे भांडवल ५,००,००० रुपये असून प्रत्येक व्यवहारात २% जोखीम घ्यायची आहे, असे मानू. म्हणजे एका व्यवहारात अधिकाधिक १०,००० रुपये तोटा मान्य आहे. शेअरची खरेदी ४२० रुपयांना होणार असून तो ४०० रुपयांवर उतरल्यास विकायचा आहे. या विक्रीच्या पातळीस स्टॉप लॉस म्हणतात. एका शेअरमागे जोखीम २० रुपयांची, म्हणून १०,००० ÷ २० = ५०० शेअर घेता येतात. त्यांची किंमत २,१०,००० रुपये, म्हणजे भांडवलाच्या ४२% होते. गुंतवलेली रक्कम व धोक्यात घातलेली रक्कम या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हा व्यवहार तोट्यात गेल्यास भांडवल ४,९०,००० रुपये होते व पुढील जोखीम ९,८०० रुपयांवर येते. एका शेअरमागील जोखीम तेवढीच असल्यास आता ४९० शेअर घ्यावे लागतात. अशा १० तोट्यांनंतर सुमारे ४,०८,५०० रुपये उरतात. १०% जोखमीने हेच व्यवहार केले असता केवळ १,७४,३०० रुपये उरले असते.

## दुपटीची पद्धत

तोटा झाल्यावर तो एकाच फटक्यात भरून काढण्यासाठी पुढील व्यवहार दुप्पट करणे, ही याच्या अगदी उलट रीत होय. जुगारात ती 'मार्टिंगेल' या नावाने ओळखली जाते. वरील भांडवलावर ५,००० रुपयांच्या जोखमीने आरंभ करून प्रत्येक तोट्यानंतर ती दुप्पट केल्यास, ६ तोट्यांत एकूण ३,१५,००० रुपये जातात. सातव्या वेळी ३,२०,००० रुपये धोक्यात घालावे लागतात; परंतु हाती केवळ १,८५,००० रुपये उरलेले असतात. वर पाहिल्याप्रमाणे सलग ६ तोटे ही दुर्मीळ घटना नाही.

पडत्या भावात तोच शेअर पुन्हा पुन्हा घेऊन सरासरी खरेदीभाव कमी करण्यात हाच धोका असतो. सरासरी भाव खाली येतो खरा. पण एकाच शेअरवर विसंबलेले भांडवल मात्र वाढत जाते.

## केली सूत्र

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील संशोधक जॉन केली यांनी १९५६ मध्ये भांडवलाची दीर्घकालीन वाढ सर्वाधिक करणारे जोखमीचे प्रमाण काढण्याची रीत मांडली. नफा व तोटा समान रकमेचे असून यशाची शक्यता ५५% असेल, तर हे प्रमाण १०% येते. त्याहून अधिक जोखीम घेतल्यास घसरण वाढते आणि वाढीचा दीर्घकालीन वेग उलट कमी होतो. २० टक्क्यांच्या आसपास तो जवळजवळ शून्यावर येतो.

पूर्ण केली प्रमाण वापरणाऱ्याचे भांडवल केव्हा ना केव्हा आरंभीच्या निम्म्यावर येण्याची शक्यता सुमारे ५०% असते. प्रमाण निम्मे केल्यास ही शक्यता सुमारे १२.५ टक्क्यांवर येते, तर वाढीचा वेग सुमारे तीन चतुर्थांश टिकून राहतो. शिवाय यशाची खरी शक्यता आधी नेमकी ठाऊक नसते. या कारणांमुळे व्यवहारात सूत्राने दिलेल्या प्रमाणाचा अर्धा किंवा त्याहून कमी भाग वापरला जातो.

## मर्यादा

स्टॉप लॉस ठरवलेल्या भावालाच अमलात येईल याची खात्री नसते. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंप्युटर्सच्या अध्यक्षांनी हिशेबातील गैरव्यवहाराची कबुली दिली आणि सुमारे १७९ रुपयांचा शेअर त्याच दिवशी ४० रुपयांच्या आसपास बंद झाला. समजा, आधीच्या उदाहरणातील व्यक्तीने १७९ रुपयांना खरेदी करून स्टॉप लॉस १७० रुपयांना ठेवला असता, तर २% जोखमीच्या हिशेबाने तिच्याकडे सुमारे १,१११ शेअर असते. विक्री ४० रुपयांना झाली असती, तर तोटा १०,००० रुपयांऐवजी सुमारे १,५४,००० रुपये, म्हणजे भांडवलाच्या ३१% झाला असता. लोअर सर्किट लागलेल्या शेअरला खरेदीदारच नसल्यामुळे अशीच कोंडी होते. म्हणून जोखमीच्या टक्क्याबरोबर एका शेअरमधील एकूण गुंतवणुकीवरही मर्यादा घालतात. वरील उदाहरणात ती भांडवलाच्या १०% असती, तर तोटा सुमारे ८ टक्क्यांवर थांबला असता.

दुसरी मर्यादा व्यवहारांच्या परस्परसंबंधाची आहे. एकाच क्षेत्रातील पाच कंपन्यांत प्रत्येकी २% जोखीम घेतल्यास, ते क्षेत्र एकदम कोसळल्यावर ती व्यवहारतः एकच १० टक्क्यांची जोखीम ठरते. स्वतंत्र व्यवहार गृहीत धरून काढलेल्या मालिकांच्या शक्यता अशा वेळी लागू पडत नाहीत.

जोखमीचे प्रमाण कमी ठेवल्याने तोट्याची पद्धत नफ्याची होत नाही. दलाली, कर व इतर खर्च वजा जाता ज्या पद्धतीत सरासरी व्यवहार तोट्याचा असतो, तीत लहान आकारामुळे भांडवल संपण्यास केवळ अधिक काळ लागतो.