जिब्रान आणि मे झियादा : एका पत्रव्यवहाराचे अर्धे दप्तर

खलील जिब्रान हे नाव मराठी वाचकास अपरिचित नाही. वि. स. खांडेकरांनी त्याच्या रूपककथा मराठीत आणल्या, त्यालाही आता बराच काळ लोटला. परंतु त्याच्या चरित्रातील जो पत्रव्यवहार अरबी वाङ्मयात विशेष गाजला, त्याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. न्यूयॉर्कमध्ये राहणारा हा लेबनानी कवी-चित्रकार आणि कैरो येथील लेखिका मे झियादा यांनी १९१२ पासून १९३१ पर्यंत एकमेकांस पत्रे लिहिली. या अवधीत त्यांची एकदाही भेट झाली नाही. अशा संबंधाचा इतिहास केवळ पत्रांवरूनच लिहावा लागतो, आणि ती पत्रेही दोन्ही बाजूंची सारखी उपलब्ध नाहीत. या एका गोष्टीने सबंध प्रकरणाचे स्वरूप पालटते.

आरंभ वाङ्मयीन मतभेदाने झाला. १९१२ मध्ये जिब्रानची ‘भग्न पंख’ या अर्थाच्या नावाची अरबी कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत विवाहित नायिका आपल्या पूर्वीच्या प्रियकरास गुप्तपणे भेटत राहते. कादंबरीची प्रशंसा करूनही झियादाने या वर्तनाचे समर्थन नाकारले. ती स्वतः स्त्रियांच्या हक्कांची पुरस्कर्ती होती, म्हणून हा आक्षेप केवळ रूढिप्रियतेचा म्हणता येत नाही. स्त्रीच्या स्वातंत्र्याची मर्यादा कोठे मानावी, हा तिच्यापुढील प्रश्न होता. १९१३ मध्ये कवी खलील मुतरान यांच्या कैरो येथील सत्कारसमारंभात जिब्रानने पाठविलेले भाषण तिनेच वाचून दाखविले. म्हणजे प्रेमाच्या कितीतरी आधी ती त्याची टीकाकार होती, आणि त्याच्या शब्दांना स्वतःचा आवाजही तिने दिला होता.

पहिल्या महायुद्धाने हा व्यवहार खंडित केला. जिब्रानच्या उपलब्ध पत्रांत १९१४ च्या आरंभीच्या पत्रानंतरचे पत्र एकदम जानेवारी १९१९ चे आहे. त्यानंतर मात्र पत्रे वारंवार जाऊ लागली, आणि त्यांबरोबर पुस्तके व तिचे परीक्षणलेखही. जहाजाने जाणाऱ्या टपालास आठवड्यांमागून आठवडे लागत. प्रश्नाचे उत्तर हाती येईपर्यंत प्रश्न विचारणाऱ्याची मनःस्थिती बदललेली असे. या दोघांत वेळोवेळी गैरसमज झाले आणि काही महिने मौनही पडले, त्याचे एक कारण या विलंबात शोधावे लागते. मौनानंतरच्या पत्रांतील सूर मात्र पूर्वीपेक्षा अधिक जवळिकीचा आढळतो. प्रथम विदुषीस शोभेल अशा आदरार्थी संबोधनांनी होणारी सुरुवात पुढे साध्या नावावर येते. भावनेची वाढ कबुलीच्या वाक्यांपेक्षा मायन्यात आधी दिसते.

स्पष्ट कबुली झियादाची आहे. १५ जानेवारी १९२४ च्या पत्रात, आपण जे लिहीत आहोत त्याचा अर्थ आपणासही कळत नाही, असे सांगून ती त्याला आपला प्रिय म्हणते, आणि प्रेमाचे आपणास भय वाटते हेही मान्य करते. तो समोर असता तर हे बोलल्यानंतर लाजेने आपण दूर पळालो असतो. हे बोलत नसून लिहीत आहोत, हे बरेच झाले, असा तिचा अभिप्राय आहे. हे विधान महत्त्वाचे आहे. दोघांमधील अंतर हा या प्रेमातील केवळ अडथळा नव्हता. त्या अंतरामुळेच ते प्रेम उच्चारता आले. जिब्रानने उत्तरात तिच्या भयाची चौकशी केली, पण भेटीचा निश्चित बेत केला नाही. बोस्टनच्या मेरी हॅस्केलशी त्याचा दीर्घ स्नेहसंबंध व पत्रव्यवहार याच काळात चालू होता. त्याच्या पत्रांतील उत्कटता खोटी ठरविण्यास हे कारण पुरेसे नाही. पण ती अनन्य होती, असेही त्यावरून म्हणता येत नाही.

१० एप्रिल १९३१ रोजी जिब्रान वारला. आईवडीलही गेल्यावर झियादा एकाकी झाली. १९३६ मध्ये तिला बैरूतजवळील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. पुढे लेखकांनी व वृत्तपत्रांनी आवाज उठविल्यावर तिची सुटका झाली. १९४१ मध्ये कैरो येथे ती निवर्तली. सल्मा अल्-हफ्फार अल्-कुझबरी आणि सुहैल बुश्रुई यांनी १९७९ मध्ये जिब्रानची तिला लिहिलेली पत्रे ‘निळी ज्योत’ अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध केली. तिच्या पत्रांपैकी मात्र थोडीच प्रकाशात आली आहेत.

याचा परिणाम असा की वाचकास तिचे प्रश्न बहुधा त्याच्या उत्तरांवरून तर्काने ओळखावे लागतात. तिचा रोष त्याच्या समजुतीच्या वाक्यांतून दिसतो, तिची टीका त्याच्या खुलाशांतून. म्हणून या संग्रहास दोघांची प्रेमकथा मानून वाचणे म्हणजे एकाची साक्ष घेऊन दोघांचा निवाडा करणे होय. शिवाय तिच्या शेवटच्या वर्षांतील दुर्दशेचा उगम केवळ या प्रेमात शोधणाऱ्यांच्या हाती पुरावा थोडा आहे. आईवडिलांचा मृत्यू आणि मालमत्तेवरून नातेवाइकांशी आलेला विरोध ही कारणे त्यांच्या दृष्टीआड होतात. हाती असलेल्या थोड्या पत्रांत झियादा विरहिणी म्हणून कमी आणि आपल्या शब्दांचा अर्थ तपासणारी लेखिका म्हणून अधिक दिसते. अर्ध्या दप्तरावरून निश्चयाने सांगता येते ते एवढेच.